निळी टिक आली, उत्तर नाही आलं

प्रश्न: अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेल कारखान्यात मी ऑर्डरी बघतो. सोमवारी, ६ तारखेला सकाळी अकराला पुण्याच्या एका घाऊक व्यापाऱ्यांचा व्हॉट्सॲप आला: ‘मागच्यासारखेच ३०/६०, ४० डझन, रंग जरा डार्क, १८ पर्यंत.’ मागच्या दोन खेपांचं वजन वेगळं होतं, मार्चची नगाला ४०० ग्रॅम, मेची ५००. म्हणून मी लगेच लिहिलं: ‘शेठ, मागचा म्हणजे कोणता? डार्क म्हणजे किती? १८ ला निघायला हवा की पोचायला? आणि रेट तोच ना?’ दहा मिनिटांत निळी टिक, पण उत्तर नाही. सूत बुधवारी दुपारी चारच्या आत डाईंगला गेलं नाही तर १८ तारीख हुकते. मालक म्हणतात, सारखं टोचू नको, गिऱ्हाईक बिथरेल. तेव्हा कसंबसं निभावलं, पण असे मेसेज दर महिन्याला येतात. आठवण करण्याआधी नक्की किती थांबायचं?
(ऑर्डरींच्या गोंधळात, सोलापूर)

उत्तर: सोमवारी संध्याकाळी साडेचारच्या सुमारास प्रश्न नीट मांडून पुन्हा पाठवायचा. मंगळवारी सकाळी अकराला पहिली आठवण, त्याच संध्याकाळी पाचनंतर फोन, आणि बुधवारी सकाळी अकराला शेवटचा निरोप. या ऑर्डरीपुरतं एवढं पुरे आहे. पण पुढच्या खेपेला वार वेगळे असतील आणि गिऱ्हाईकही वेगळं असेल, म्हणून हे वेळापत्रक कशावरून काढलं ते पाहू.

‘किती थांबणं बरं दिसेल’ या प्रश्नापासून सुरुवात केली की माणूस घोटाळतो. मालकांना दोन दिवस थांबणं बरं दिसतं, सुपरवायझरला दोन तासही जास्त वाटतात, आणि दोघांपैकी कुणाचं बरोबर हे ठरवायला काही मापच नसतं. माप घ्यायचं ते उलट्या टोकाकडून. ज्या क्षणी ही संदिग्धता पैसे खायला लागते तो क्षण आधी शोधायचा आणि तिथून मागे मोजत यायचं. तुमच्याकडे तो क्षण बुधवारी दुपारी चारचा आहे, कारण सूत एकदा रंगाच्या टाकीत पडलं की मागे फिरता येत नाही. त्याआधी कितीही गोंधळ असला तरी फार तर मेसेज वाया जातात.

सोमवारी अकरापासून बुधवारी चारपर्यंत ५३ तास होतात. ऐकायला भरपूर वाटतात. पण तुमचे शेठ पुण्याचे आहेत. त्यांचं दुकान सकाळी साडेदहाला उघडून एकला बंद होत असेल आणि पुन्हा चारला उघडत असेल, तर ५३ तास मोजण्यात अर्थ नाही. दुकानाच्या पाळ्या मोजा: सोमवार संध्याकाळ, मंगळवार सकाळ, मंगळवार संध्याकाळ, बुधवार सकाळ. एकूण चार. शिवाय तुमची चारची मुदत त्यांच्या दुपारच्या झोपेनंतर लगेच येते, म्हणजे प्रत्यक्षात मुदत बुधवारी दुपारी एकचीच आहे. हा तीन तासांचा फरक लक्षात आला नाही की माणूस बुधवारी दोन वाजता फोन लावत बसतो आणि तिकडे घंटी वाजत राहते. पुण्याच्या दुपारच्या झोपेवर विनोद पुष्कळ झाले, पण ऑर्डरीच्या वेळापत्रकात ती गृहीत धरावी लागते. तुमच्या गिऱ्हाईकाची वेळ वेगळी असेल तर तीच धरा. प्रत्येक नेहमीच्या गिऱ्हाईकाच्या नावापुढे दुकानाची वेळ आणि आठवड्याच्या सुट्टीचा वार वहीत लिहून ठेवला तर हा हिशेब दोन मिनिटांत होतो.

आता या चार पाळ्या वाटायच्या कशा? पहिली आठवण निम्मी वेळ शिल्लक असतानाच जायला हवी. त्याचं कारण असं, की समोरचा गप्प बसतो तेव्हा अनेकदा तो स्वतःच कुणाच्या तरी उत्तराची वाट पाहत असतो. घाऊक व्यापाऱ्याने हा माल एखाद्या लॉजसाठी किंवा हॉस्पिटलसाठी मागवलेला असतो. रंग किती गडद हवा हे त्यालाही नक्की माहीत नसतं, आणि ‘मला माहीत नाही, विचारून सांगतो’ असं लिहायला तो संकोचतो. तुमची आठवण मुदतीच्या दोन तास आधी गेली तर त्याला त्याच्या गिऱ्हाईकाला विचारायला वेळच उरत नाही. मग तो अंदाजाने काहीतरी सांगून मोकळा होतो, आणि घाईत दिलेला असा अंदाज उत्तर न मिळण्यापेक्षा महाग पडतो. म्हणून पहिल्या आठवणीत एक वाक्य जरूर घाला: ‘तुम्हाला पुढे कुणाला विचारायचं असेल तर तसं कळवा, म्हणजे तेवढी वेळ धरतो.’ पुष्कळदा याच वाक्याला पहिलं उत्तर येतं.

हे झालं वेळेचं. पण तुमचा पहिला मेसेज वाचल्यावर वाटतं की त्याला उत्तर न येण्याचं अर्धं कारण त्या मेसेजमध्येच होतं.

त्यात चार प्रश्न आहेत आणि चारही मोकळे आहेत. दुकानात गिऱ्हाईक उभं असताना शेठ फोन उघडतात. ‘मागचा म्हणजे कोणता’ याचं उत्तर द्यायला त्यांना जुनी बिलं काढावी लागतील, ‘किती डार्क’ याला तर शब्दच सापडणार नाहीत. मग ते मनात म्हणतात, निवांत बसून लिहू. मेसेज वाचलेला असल्यामुळे तो नव्या मेसेजच्या यादीतून गेलेला असतो, आणि निवांतपणा काही येत नाही. निळी टिक दहा मिनिटांत आली यातून एवढंच कळतं की मेसेज वाचला गेला आणि बाजूला पडला. त्यांनी जाणूनबुजून टाळलं असा अर्थ त्यातून काढू नका.

चार प्रश्नांपैकी थांबायला लावणारे किती हे पाहिलं तर चित्र बरंच हलकं होतं. तारखेचा प्रश्न विचारायचीच गरज नाही. ‘निघायला’ आणि ‘पोचायला’ यात सोलापूर-पुणे ट्रान्सपोर्टचा एखाद-दुसरा दिवस येतो. दोन अर्थांपैकी अलीकडचा, म्हणजे पोचण्याचा अर्थ धरून काम लावा आणि तसं कळवून टाका. माल एक दिवस आधी पोचला म्हणून कुणी भांडत नाही. रेटचा प्रश्न तर अशा रीतीने कधीच विचारू नये. ‘रेट तोच ना’ म्हटलं की समोरचा मोलभावाचा विचार करायला लागतो आणि बाकीचे प्रश्नही त्यासोबत अडकतात. ४०० ग्रॅमला अमुक, ५०० ग्रॅमला तमुक, असा रेट आपण सांगायचा. वजन निवडलं की रेट त्याच्यामागे आलाच.

खरे प्रश्न उरले दोन, वजन आणि रंग, आणि या दोघांसाठी थांबणं रास्तच आहे. ४० डझन म्हणजे ४८० टॉवेल. ४०० ग्रॅमने १९२ किलो माल होतो, ५०० ग्रॅमने २४० किलो. फरक ४८ किलोंचा, आणि घट धरून सूत त्याहून थोडं जास्तच लागेल. १९२ किलोंच्या हिशेबाने सूत रंगवलं आणि नंतर ५०० ग्रॅमचा माल हवा असं कळलं, तर उरलेलं ४८ किलो दुसऱ्या लॉटमध्ये रंगवावं लागतं. रंगाचं मिश्रण तेच असलं तरी दोन लॉट शेडमध्ये तंतोतंत जुळतीलच असं नाही. एकाच गठ्ठ्यातले दोन टॉवेल शेजारी ठेवले की फरक दिसतो, आणि परत येणारा माल बहुतेक अशाच कारणाने परत येतो. रंगाची गोष्ट आणखी एकतर्फी आहे. फिकं झालेलं सूत पुन्हा टाकीत घालून गडद करता येतं, पण गडद झालेलं फिकं करायचं तर रंग उतरवावा लागतो, त्यात खर्च होतो आणि सुताची ताकदही जाते.

म्हणून सोमवारी संध्याकाळचा मेसेज हा तगादा नाही, तो दुरुस्ती आहे. आपला प्रश्न नीट नव्हता हे लक्षात आल्यावर त्यासाठी दिवसभर थांबण्याचं कारण नाही. मात्र जुना मेसेज बदलत बसू नका. व्हॉट्सॲपवर पाठवलेला मेसेज १५ मिनिटांपर्यंत बदलता येतो खरा, पण बदल केला म्हणून समोरच्याचा फोन वाजत नाही. ज्यांनी एकदा वाचला ते पुन्हा वर जाऊन पाहत नाहीत. खोडून परत पाठवला तर ‘मेसेज डिलीट केला’ अशी ओळ राहते आणि उगाच शंका येते. त्यांच्याच ऑर्डरीच्या मेसेजला रिप्लाय करून नवा मेसेज पाठवा, म्हणजे त्यांचे स्वतःचे शब्द वर दिसतील:

‘शेठ, नमस्कार. दोनच गोष्टी हव्यात.
१. वजन: अ) मार्चचा माल, ४०० ग्रॅम, की ब) मेचा माल, ५०० ग्रॅम?
२. रंग: शेडकार्डावरचा मागचा नंबर की त्याच्या पुढचा एक?
“अ, मागचा” एवढं लिहिलंत तरी चालेल. माल १८ ला दुकानी पोचेल असं धरलंय. सूत बुधवारी रंगायला जातंय, म्हणून बुधवारी दुपारी एकपर्यंत कळवा.’

दोन्ही वजनांचे रेट यातच ‘अ’ आणि ‘ब’च्या पुढे लिहा. सोबत दोन्ही जुन्या टॉवेलांचा एकच फोटो, बिलाच्या तारखेची चिठ्ठी टॉवेलावर ठेवून काढलेला. रंगासाठी मात्र फोटोवर विसंबू नका. प्रत्येक फोनच्या पडद्यावर लाल वेगळा दिसतो आणि दुकानातल्या ट्यूबलाइटखाली आणखी वेगळा. शेडकार्डाची एक प्रत गिऱ्हाईकाकडे असायलाच हवी. नसेल तर पुढच्या गठ्ठ्यात टाकून द्या.

‘कधीपर्यंत’ आणि ‘का’ हे दोन्ही मेसेजमध्ये असणं महत्त्वाचं आहे. नुसतं ‘लवकर कळवा’ म्हटलं तर लवकर म्हणजे काय हे समोरचा त्याच्या सोयीने ठरवतो. ‘अर्जंट’ हा शब्द तर इतका घासला गेला आहे की तो कुणी वाचतही नाही. सूत रंगायला जातंय हे कारण मात्र कापडाच्या धंद्यातल्या माणसाला एका झटक्यात समजतं.

मंगळवारी अकराला आठवण करण्याआधी टिका पाहून घ्या, कारण त्यावरून पुढचं पाऊल बदलतं. एकच राखाडी टिक असेल तर मेसेज त्यांच्या फोनवर पोचलेलाच नाही. फोन बंद असेल, रेंज नसेल, नंबर बदलला असेल, क्वचित ब्लॉकही केलेलं असेल. इथे आणखी मेसेज पाठवून काही उपयोग नाही, दुकानाच्या दुसऱ्या नंबरवर सरळ फोन करा. दोन राखाडी टिका म्हणजे मेसेज पोचला, पण उघडला की नाही ते कळत नाही. काही लोक निळ्या टिका दिसण्याची सोय बंद ठेवतात, त्यांनी वाचलं तरी टिका राखाडीच राहतात. ग्रुपमध्ये मात्र ती सोय बंद करता येत नाही. तिथे आपल्या मेसेजवर बोट दाबून माहिती उघडली की कुणी वाचलं त्यांची यादी दिसते. आणि दोन निळ्या म्हणजे वाचून बाजूला पडलेला मेसेज, तुमच्या बाबतीत झाला तसा. अशा वेळी आठवण करायला बिचकू नका. ज्याने वाचलेलं आहे त्याला आठवण हवीच असते.

मालकांची भीती अगदीच खोटी नाही, पण ती चुकीच्या गोष्टीला चिकटली आहे. गिऱ्हाईक आठवणींच्या संख्येने बिथरत नाही, त्याच त्या आठवणीने बिथरतं. नुसतं प्रश्नचिन्ह, हात जोडल्याचं चित्र, ‘शेठ??’, ‘वाट पाहतोय’, असे मेसेज समोरच्यावर ओझं टाकतात आणि हातात काही देत नाहीत. त्याला परत वर जाऊन प्रश्न शोधावा लागतो. आठवण अशी हवी की तेवढाच मेसेज वाचून उत्तर देता यावं, आणि प्रत्येक आठवणीत आधीपेक्षा काहीतरी नवं असावं. मंगळवारच्या मेसेजमध्ये नवं काय तर तुमची तयारी: ‘दोन्ही वजनांना पुरेल एवढं सूत बाजूला काढलंय. अ की ब एवढं सांगा, रंगाचं संध्याकाळी बोलू.’ दोन प्रश्न असतील तर सोपा आधी सोडवून घ्यावा. एकाचं उत्तर दिलेला माणूस दुसऱ्याचंही देतो.

मंगळवारी संध्याकाळी फोन, आणि तो पाचनंतरच. चारला दुकान उघडताना माल लावायची गडबड असते, सातनंतर गिऱ्हाइकांची गर्दी आणि गल्ल्याचा हिशेब. लेखी तीन वेळा विचारण्यापेक्षा एक फोन कमी टोचतो, कारण फोनवर ‘हं, ते राहिलंच बघा’ असं म्हणून सुटता येतं. पहिली घंटी पूर्ण वाजू द्या. उचलला नाही तर लगेच दुसऱ्यांदा लावू नका, वीस-पंचवीस मिनिटं जाऊ द्या. लागोपाठ तीन मिस्ड कॉल पाहिले की माणसाला वाटतं काहीतरी अनिष्ट घडलं. आणि त्याने परत फोन केल्यावर कळलं की टॉवेलाचा रंग विचारायचा होता, तर मालक म्हणतात तसा तो खरंच बिथरतो. गिऱ्हाईक तेलुगू बोलणारं असेल तर तुमच्या कारखान्यातल्या कुणाकडून तरी तेलुगूतून बोलवून घ्या. सोलापुरात अशी माणसं शोधावी लागत नाहीत, आणि स्वतःच्या भाषेत ‘गडद’ किती हे माणूस नेमकं सांगतो. फोन झाल्यावर पाच मिनिटांच्या आत ठरलेलं लिहून पाठवा: ‘बोलल्याप्रमाणे ५०० ग्रॅम, मागच्या नंबरच्या पुढची शेड, ४० डझन, १८ ला पोच.’ एवढ्याला नुसता अंगठा आला तरी काम भागतं, कारण इथे तुम्ही काही विचारत नाही, ठरलेलंच सांगताय.

याच्या उलट, प्रश्नाला जर अंगठा आला तर ते उत्तर समजू नका. ‘अ की ब’ याला ‘ओके’, ‘हो हो, पाठवा’, ‘नेहमीसारखंच’ अशी उत्तरं येतात आणि ऑर्डर बघणारा सुटकेचा श्वास सोडतो. अर्ध्या उत्तराला थांबण्याचा कुठलाही नियम लागू नाही. त्या क्षणी समोरच्याच्या हातात फोन आहे, तोवर दोन मिनिटांत परत विचारा: ‘म्हणजे ब, ५०० ग्रॅम, बरोबर?’ इथे एक पर्याय आपण पुढे करून हो-नाही मागायचं. अर्धं उत्तर घेऊन रात्रभर ‘उद्या विचारू’ म्हणणारे पुष्कळ असतात, आणि दुसऱ्या दिवशी तोच माणूस पुन्हा दोन पाळ्या सापडत नाही.

समजा बुधवारी सकाळी शेवटच्या निरोपाची वेळ झाली, तरी काही उत्तर नाही. आता मोह होतो तो असा मेसेज टाकण्याचा: ‘उत्तर आलं नाही तर ४०० ग्रॅमचा माल करत आहोत.’ हे करू नका. भारतीय करार कायदा, १८७२ प्रमाणे स्वीकार हा रूढ आणि वाजवी रीतीने व्यक्त झालेला असावा लागतो. समोरचा गप्प बसला म्हणून त्याने होकार दिला असं आपणच ठरवून त्याला बांधता येत नाही. माल गेल्यावर ‘मी कुठे हो म्हटलं होतं?’ असं शेठ म्हणाले तर तुमच्या हातात तुमचाच मेसेज उरतो. निरोपात आपण काय करणार तेवढंच सांगावं, त्याला त्यांच्या होकाराची गरज नसते: ‘रंगाचा नंबर मिळेपर्यंत सूत थांबवलंय. आज एकपर्यंत कळलं तर १८ पक्की. त्यानंतर जितके दिवस उशिरा कळेल, माल तितके दिवस पुढे जाईल. माग तुमच्या नावाने राखून ठेवलाय.’ बुधवारी अकराला हेच पाठवायचं. यात धमकी नाही, तारखेचा साधा हिशेब आहे. नंतर १८ तारीख हुकल्याचा वाद निघाला तर हा मेसेज वेळेसकट तिथे असतो.

सगळंच थांबवायची मात्र गरज नसते. फक्त वजन कळायचं राहिलं असेल, रंग पक्का झाला असेल आणि शेड तुमच्याकडे नेहमी चालणारी असेल, तर २४० किलोंच्या हिशेबाने एकाच लॉटमध्ये सूत रंगवून घ्या. ४०० ग्रॅम ठरलं तर ४८ किलो रंगीत सूत गोदामात पडेल आणि पुढच्या खेपेला वापरलं जाईल. कमी रंगवून दुसरा लॉट करण्यापेक्षा ते परवडतं. शेड एखाद्याच गिऱ्हाईकाची असेल तर हा डाव खेळू नका, ते सूत वर्षभर पडून राहील. आणि रंगच ठरलेला नसेल तर टाकीजवळ जायचंच नाही, मग सुपरवायझर कितीही घाई करो. त्या वेळात लेबलं, पॅकिंगच्या पिशव्या, ट्रान्सपोर्टची चौकशी ही रंगावर न अटकणारी कामं उरकून घ्या.

शेवटच्या निरोपानंतर किती दिवसांनी पुन्हा विचारायचं, हाही प्रश्न येईलच. मुदत गेल्यावर रोज विचारण्यात अर्थ नाही, कारण तुमची बाजू तुम्ही सुरक्षित केली आहे. दोन दिवस जाऊ द्या आणि मग मालकांनी स्वतः एक फोन करावा, ऑर्डरीचा विषय शेवटी काढून. तिथे बहुतेक वेळा कळतं की त्यांच्याच गिऱ्हाइकाने ऑर्डर रद्द केली होती आणि ते सांगायचं राहून गेलं.

मुदतच नसेल तेव्हा, म्हणजे ‘पुढच्या महिन्यात काही डिझाइन्स बघू’ अशा धूसर मेसेजवर तुम्ही काही विचारलं असेल तेव्हा, व्हॉट्सॲपला एक पूर्ण कामाचा दिवस आणि ईमेलला दोन ते तीन कामाचे दिवस द्यावेत. पहिली आठवण त्यानंतर, दुसरी आठवड्याने, आणि मग विषय सोडून द्यावा. कामाचा दिवस कुणाचा हे मात्र पाहा. गड्ड्याच्या यात्रेत आपल्याकडे कामगार कमी असतात हे पुण्याच्या शेठना ठाऊक नसतं, तसंच त्यांच्याकडच्या विसर्जन मिरवणुकीच्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी पेठांतून उत्तराची आशा आपण धरू नये.

आखाती देशांत माल जात असेल तर घोळ आणखी वाढतो. सौदीत सुट्टी शुक्रवार-शनिवारी असते. संयुक्त अरब अमिरातीत २०२२ पासून सरकारी सुट्टी शनिवार-रविवारी असते आणि शुक्रवारी अर्धा दिवस काम चालतं. दुबईचं घड्याळ आपल्यापेक्षा दीड तास मागे, रियाधचं अडीच तास. गुरुवारी संध्याकाळी सहाला तुम्ही सौदीच्या गिऱ्हाईकाला विचारलंत, तर तिथे दुपारचे साडेतीन वाजलेले असतात आणि आठवडा संपत आलेला असतो. त्यानंतर त्यांचा पहिला कामाचा दिवस रविवार, नेमकी तेव्हा तुमची सुट्टी. उत्तर रविवारी येऊन पडतं, तुम्ही सोमवारी वाचता, उलट प्रश्न विचारता, आणि चार दिवस गेलेले असतात. अशा गिऱ्हाईकाला स्पष्टीकरण विचारायचं असेल तर ते रविवारी सकाळी घरून विचारा किंवा सोमवारी आपल्या वेळेने साडेअकराला. शुक्रवारी केलेली आठवण मोजूच नका.